खजिनदाराला काय सांगू?

महाराष्ट्रात मुरुड नावाची निदान तीन गावं आहेत. एक रायगडात, जंजिऱ्याच्या शेजारी, समुद्राला लागून. दुसरं दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं, तेही समुद्राला लागून. तिसरं लातूर-बार्शी रस्त्यावरचं. तिथून समुद्र किती लांब, हे विचारायची सोय नाही; लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आता अशा गावातल्या एखाद्या शिक्षणसंस्थेच्या किंवा शेतकरी मेळाव्याच्या आयोजकांना जर पुण्या-मुंबईच्या व्याख्यात्याचं पत्र आलं आणि त्यात ‘आपल्या निसर्गरम्य किनारपट्टीच्या गावी येण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे’ असं वाक्य निघालं, तर ते पत्र पुढे का सरकलं नाही हे सांगायला संशोधक लागत नाही. पण गाव बरोबर लिहिलेली पत्रंसुद्धा बहुतेक वेळा जागच्या जागी राहतात, आणि माझं म्हणणं त्यांच्याबद्दल आहे. आम्ही बोलणारी मंडळी पत्रात आमच्याविषयी सगळं लिहितो आणि समोरच्याला हव्या असलेल्या तीनच गोष्टी लिहीत नाही: ऐकणाऱ्याच्या हाती काय लागेल, कार्यक्रम नेमका कसा चालेल आणि पैसे किती.

नमुन्याचं पत्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सोबत चार पानी परिचय. त्यात मिळालेले पुरस्कार, हुकलेल्या पुरस्कारांच्या निवड समितीवर केलेलं काम, आणि एका मंत्र्यासोबतचा फोटो, ज्यात मंत्री दुसरीकडे बघताहेत. विषय ‘बदलता काळ: आव्हाने आणि संधी’. हा विषय विवाहपूर्व मार्गदर्शनाला चालतो, दुग्धव्यवसायाला चालतो आणि निरोप समारंभालाही चालतो. मग आयोजक बिचारे फोन करतात. ‘सर, नक्की कशावर बोलणार?’ ‘तुम्ही म्हणाल त्यावर.’ ‘वेळ किती लागेल?’ ‘तुम्ही द्याल तेवढा.’ ‘आणि मानधनाचं कसं?’ ‘ते तुमच्यावर सोडलं.’ एवढं झाल्यावर आम्हाला वाटतं, आपण किती सोयीचे, किती निगर्वी. फोन ठेवल्यावर आयोजकाच्या डोक्यावर मात्र तीन नवी कामं पडलेली असतात: विषय शोधणं, वेळ बसवणं आणि आमची किंमत ठरवणं. ही कामं करायला त्याला पगार मिळत नाही. तो मुळात भूगोलाचा शिक्षक असतो, किंवा खताच्या दुकानाचा मालक.

व्याख्यानाचा निर्णय कुठे होतो हे आम्हा वक्त्यांना सहसा माहीत नसतं. तो दुकानाच्या मागच्या खोलीत, चहाच्या कपांच्या गर्दीत होतो. पत्र एकट्या कार्यवाहाने वाचलेलं असतं, आणि तेही अर्धवट. बाकीच्यांना तो तोंडी सांगतो. मुख्याध्यापक विचारतात, ‘पोरांना काय मिळणार?’ मंडप-माइकचं बघणारा विचारतो, ‘पडदा लागतो का? अंधार करावा लागतो का?’ आणि खजिनदार काहीच विचारत नाही, नुसता चष्मा काढून पुसतो. त्या पुसण्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळतो. कार्यवाह म्हणतो, ‘माणूस चांगला आहे पण.’ मराठीत ज्या शिफारशीचा शेवट ‘पण’वर होतो ती तिथेच संपते. ‘पुढच्या बैठकीत बघू की,’ असं ठरतं आणि पुढची बैठक दिवाळीनंतर असते. आमच्या विद्वत्तेवर यात कुणी शंका घेतलेली नसते. कार्यवाहाला पुढे सांगण्यासारखं एक वाक्य आम्ही दिलं नव्हतं, एवढंच.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: अहो, कार्यक्रम पत्रांवर थोडेच मिळतात, ओळखीवर मिळतात. अगदी कबूल. पण ओळखीच्या माणसालाही कुणाला तरी फोन करून काहीतरी सांगावंच लागतं. ‘आपला माणूस आहे, एकदा बोलवा’ एवढ्यावर एकदा बोलावणं येतं, दुसऱ्यांदा येत नाही. नीट लिहिलेली तीन वाक्यं ओळखीच्या माणसाच्या तोंडूनही तशीच जातात. चार पानी परिचय त्याच्या तोंडून जाताना ‘लई मोठा माणूस आहे’ एवढाच उरतो, आणि मोठा माणूस म्हटलं की खजिनदार पुन्हा चष्मा काढतो.

ही कला आपल्याकडे नव्हती असंही नाही. मराठवाड्यात कुठल्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका उघडून बघा. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री ९ ते ११ कीर्तन. कुठल्या दिवशी कोण महाराज, कुठल्या दिवसाचं अन्नदान कुणाचं, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. कीर्तन म्हणजे काय होणार हे मंडपातल्या शेवटच्या माणसाला आधीपासून माहीत असतं: एक अभंग घेतला जाईल, त्याचं निरूपण होईल, मागे टाळकरी आणि मृदंग असेल, आणि अकराच्या आसपास माणूस घरी जाईल. महाराज मोकळे सापडावेत म्हणून तारखा कित्येक महिने आधी धरल्या जातात. कीर्तनाचा पैसा घेऊ नये असं मानणारी मोठी परंपरा वारकऱ्यांत आहे. तरी गाडीभाड्याचं आणि साथीदारांचं कसं, हे फोनवर आधी बोललं जातं आणि त्यात कुणाचं वैराग्य उतरत नाही. लग्नातला बँडवाला तर इसार घेतल्याशिवाय तारीखच लिहून घेत नाही. वरातीत तो कुठून कुठपर्यंत वाजवणार, घोडीपुढे किती माणसं असणार, सगळं ठरलेलं. वक्ता तेवढा एकटाच ‘बघू या, जमेल तसं’ म्हणत व्यासपीठावर चढतो.

हाती काय लागेल, ही ओळ सगळ्यांत अवघड, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. आम्ही तिथे लिहितो: ‘श्रोत्यांमध्ये जागृती होईल, नवी दिशा मिळेल, प्रेरणा मिळेल.’ या तिन्ही वस्तू कुणाला मिळाल्या की नाही हे तपासायचा मार्ग नाही, म्हणूनच त्या आम्हाला आवडतात. आता लातूरकडच्या मुरुडच्या आजूबाजूची शिवारं बघा. सोयाबीनचा हा मुलूख. २०२० च्या खरिपात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यातून तक्रारींचा ढीग लागला होता. समजा, एका कृषी पदवीधराला इथल्या मेळाव्यात बोलायचं आहे. त्याने विषय लिहिला, ‘सोयाबीन उत्पादनवाढीचे आधुनिक तंत्रज्ञान’. तो मंजूर झाला तर ऐकणारा घरी जाऊन बायकोला सांगेल, ‘बरं बोलले.’ काय बोलले, असं तिने विचारलं तर तो जेवायला वाढ म्हणेल. त्याऐवजी पत्रात असं लिहिलं असतं: ‘आलेला प्रत्येक शेतकरी आपल्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती स्वतः तपासायला शिकेल, आणि त्यावरून एकरी किती किलो पेरायचं हे काढू शकेल.’ हे वाक्य कार्यवाहाला पाठ करावं लागत नाही. ते ऐकून अध्यक्षसुद्धा विचारतात, ‘माझ्याकडची सहा पोती तपासता येतील का?’

हे वाक्य इतकं ठाम लिहिता येतं, कारण त्यामागे खरंच एक छोटं, करता येण्यासारखं काम आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित, त्यामुळे सरळ वाणाचं घरचं बियाणं दोन-तीन वर्षं वापरता येतं. पण त्याची साल फार नाजूक असते. मळणी यंत्र जोरात फिरवलं किंवा पोती उंचच उंच रचून ठेवली की वरून चांगला दिसणारा दाणा आतून गेलेला असतो. म्हणून पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून न निवडता १०० दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि ती वाळू द्यायची नाही. आठवडाभरात उघडून चांगले कोंब किती ते मोजायचं. ७० किंवा जास्त आले तर शिफारशीप्रमाणे एकरी सुमारे ३० किलो. ६० च आले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागायचं, म्हणजे ३५ किलो. त्याहून फारच खाली गेलं तर ते बियाणं तेलाच्या गिरणीचं, शेताचं नाही. ‘न निवडता’ हा शब्द मात्र कार्यशाळेत तीन वेळा सांगावा लागतो, कारण माणसाचा हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो. स्वतःची पोरं आणि स्वतःचं बियाणं यांची परीक्षा घेताना आपण सगळेच थोडे सढळ असतो.

इथेच दुसऱ्या ओळीची, म्हणजे कार्यक्रम कसा चालेल याची, गरज उभी राहते. गोणपाटातलं बियाणं प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने उगवत नाही. सकाळी गुंडाळलेल्या पोत्यातून संध्याकाळी आभार मानायच्या वेळी काहीच निघणार नाही, आणि हे पत्रात लिहिलं नाही तर आयोजक छायाचित्रकार बोलावून बसतील. मग प्रस्ताव देणाऱ्याने आधीच ठरवायला हवं: पाच-सहा दिवस अगोदर लावलेल्या तीन गुंडाळ्या तो बरोबर आणेल, एक चांगली, एक मध्यम, एक वाईट, त्या सगळ्यांसमोर उघडून मोजल्या जातील, आणि प्रत्येक जण आपल्या बियाण्याची गुंडाळी स्वतः बांधून घरी नेईल. याला दीड तास लागतो. माणसं ४० च्या वर नकोत, कारण मोजताना वाकून बघावं लागतं, आणि चारशे माणसं वाकली की पुढच्याचीच पाठ दिसते. प्रत्येकाने घरून वाटीभर बियाणं आणायचं, आयोजकांनी गोणपाट, पाणी आणि बसायला सतरंज्या द्यायच्या. पडदा नको, अंधार नको, वीज गेली तरी चालेल. हे शेवटचं वाक्य मी ठळक लिहायला सांगेन. मे महिन्यात ज्या वक्त्याला वीज लागत नाही, त्याला मंडप-माइकवाल्याचं मत न मागता मिळतं.

तारीख मात्र हसण्यावारी नेऊ नका. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतं, आणि चांगला पाऊस झाला की पेरण्या सुरू होतात. म्हणजे ही कार्यशाळा मेच्या मध्यापर्यंत व्हायला हवी, आणि पत्र मार्चमध्ये जायला हवं. जुलैत ‘बियाणे तपासणी’वर बोलायला येणाऱ्या वक्त्याला लोक शांतपणे ऐकून घेतात, कारण पेरलेलं कुठे गेलं हे त्यांना तोवर कळून चुकलेलं असतं.

आता आयोजकांची बाजू. ते म्हणणार, ‘सर, ४० माणसांनी मैदान भरत नाही. आमदारसाहेब आले तर काय दिसेल?’ हा आक्षेप खोटा नाही. गर्दी ही आयोजकाची मिळकत आहे. तिच्यावरच पुढच्या वर्षीची वर्गणी ठरते. शिवाय आपल्याकडे पत्रिकेवरचे अकरा म्हणजे दीपप्रज्वलनाचे साडेबारा. त्यानंतर व्यासपीठावर बसलेल्या सतरा जणांचा सत्कार होतो, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, मग प्रास्ताविक, ज्यात संस्थेचा इतिहास स्थापनेपासून येतो आणि कधी कधी त्याच्याही आधीपासून. वक्त्याला माइक मिळतो तेव्हा स्वयंपाकाचा वास मैदानावर पोचलेला असतो आणि कानाशी चिठ्ठी येते, ‘थोडक्यात.’ हे बदलेल अशी आशा धरून प्रस्ताव लिहू नये. हे होणारच असं धरून लिहावा. सगळ्यांसाठी वीस मिनिटांचं भाषण, जे कापून दहाचं झालं तरी चालेल. आणि जेवणानंतर शाळेच्या एका वर्गात नाव नोंदवलेल्या ४० जणांची कार्यशाळा, जिला एक मिनिटही कात्री लागणार नाही. मैदान आमदारसाहेबांचं, वर्ग शेतकऱ्यांचा. कशाला कात्री चालेल हे आपण आधीच सांगितलं नाही, तर ती नेमकी नको तिथे चालते.

राहता राहिला पैसा. इथे आमचा स्वर एकदम संतांचा होतो. ‘आपली अपेक्षा?’ असं विचारलं की आम्ही म्हणतो, ‘छे छे, अपेक्षा कसली!’ आणि परतीच्या एसटीत, कंडक्टर पुढे गेल्यावर, पाकिटाचा कोपरा फाडून आत डोकावतो. मग घरी येऊन, ‘प्रवासखर्चसुद्धा निघाला नाही’ हे वाक्य पुढची पाच वर्षं पुरवून वापरतो. पैसे न मागणाऱ्याला पैसे मिळत नाहीत असं नाही, शाल मिळते. लातूरच्या मेमधली शाल. ज्याचं घर अशा शालींनी भरलं आहे त्याने एखादी दुलई शिवून बघावी, एका दुलईला किती व्याख्यानं लागतात ते कळेल. आक्षेप असा की आकडा लिहिला की माणूस हावरट दिसतो, ज्ञानाचा सौदा वाटतो. पण हा विचार खजिनदाराच्या खुर्चीत बसून करा. त्याला वर्षअखेरीला हिशेब मांडायचा असतो, आणि व्हाउचरवर ‘त्यांनी आमच्यावर सोडलं’ असं लिहिता येत नाही. आकडा कळला की तो हो म्हणेल, नाही म्हणेल किंवा घासाघीस करेल. तिन्ही गोष्टी त्याला छान जमतात. न सांगितलेल्या आकड्याचं काय करायचं हे मात्र त्याला कुणीच शिकवलेलं नाही. म्हणून तो जास्तीत जास्त कल्पना करतो आणि घाबरून आमच्याऐवजी गावातल्याच निवृत्त गुरुजींना बोलावतो.

आकडाही नुसता टाकून भागत नाही. त्यात काय धरलं आहे ते सांगावं लागतं. समजा, लातूरचा माणूस मुरुडला येणार. ५,००० रुपये, त्यात जाणं-येणं आणि गोणपाटाची पूर्वतयारी धरलेली, मुक्काम नको, रक्कम कार्यक्रमाच्याच दिवशी, पावती देणार. महाविद्यालय असेल तर ते पॅन कार्डाची प्रत आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश मागणार. ते मागायच्या आत पत्रासोबत जोडावं, नाहीतर पैसे यायला पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडतं. कमी करता येत असेल तर पैसे कमी करू नयेत, काम कमी करावं: ‘फक्त भाषण असेल तर २,०००.’ आणि फुकट करायचं असेल तर फुकट असं स्वच्छ लिहावं. मोघम फुकटासारखं महाग काही नाही. आयोजक संकोचाने दोन शाली देतात आणि पुढच्या वेळी त्या संकोचानेच बोलावत नाहीत.

शेवटचा आक्षेप साहित्यिकांकडून येतो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक भाषणातून काही तरी घरी न्यायचंच असतं का? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती काही ‘श्रोत्यांना पुढील तीन कौशल्ये प्राप्त होतील’ असं छापून चाललेली नाही. कवितेवरच्या व्याख्यानाला गेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी नेमकं काय करायचं? खरंय. तिथे खोटी फलश्रुती चिकटवू नये. ‘काव्यातून तणावमुक्ती’ असल्या जाहिराती बघून कवींनाच तणाव येतो. पण तिथेही कुठला कवी, कुठला संग्रह, किती वेळ आणि किती पैसे एवढं सांगता येतंच. फार तर हाती काय लागेल याच्या जागी ‘काही नाही, पण तास बरा जाईल’ असं लिहावं. असं पत्र मुरुडचा कार्यवाहही बाजूला ठेवणार नाही. आणि हो, आपण रानडे असू तर यातलं काहीच करायची गरज नाही. आपण रानडे आहोत असं वाटत असेल तर मात्र आहे.

तर त्या कृषी पदवीधराचं पत्र साधारण असं होईल: ‘मा. कार्यवाह, स. न. मेळाव्यात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याची कार्यशाळा घेऊ इच्छितो. आलेला शेतकरी स्वतः तपासणी करायला आणि एकरी बियाणं काढायला शिकेल. मैदानावर सर्वांसाठी २० मिनिटं, जेवणानंतर वर्गात ४० जणांसाठी दीड तास. वीज, पडदा नको. गोणपाट आणि पाणी आपण द्यावं. मेच्या १५ तारखेच्या आत केव्हाही. प्रवासासह ५,००० रुपये, त्याच दिवशी. फक्त भाषण असल्यास २,०००. तीन ओळींचा परिचय खाली.’ हे पत्र कार्यवाह दुकानाच्या मागच्या खोलीत मोठ्याने वाचू शकतो आणि वाचून झाल्यावर त्याचा चहा अजून गरम असतो. मुख्याध्यापक म्हणतील वर्ग देतो. मंडप-माइकवाला म्हणेल आपल्याला काय, मोकळंच. खजिनदार चष्म्याला हात न लावता म्हणेल, ‘साडेचार करतो का विचारा.’ अध्यक्षांचा तेवढा एक प्रश्न उरेल, आणि तो रास्त आहे: ‘सगळं बसलं, पण माझं अध्यक्षीय भाषण यात कुठं लिहिलंय?’